पिक्सेल आणि कार्ड नंबरचा खुलासा

"पिक्सेलवाल्या साइटवर खरेदी केली की कार्ड नंबरसकट सगळं फेसबुककडे जातं म्हणे, खरंय का?"

नाही हो, पिक्सेल म्हणजे दुकानाच्या साइटवर बसवलेली फेसबुकची माग ठेवणारी छोटी स्क्रिप्ट, ती कार्ड नंबर आपणहून उचलत नाही. फेसबुकवरच्या जाहिरातीवर क्लिक केलं की लिंकला `fbclid` नावाचा कोड चिकटतो, पिक्सेल तो `_fbc` कुकीत ठेवतो, आणि ऑर्डर झाल्यावर थँक्यू पेज उघडलं की `Purchase` इव्हेंट, म्हणजे खरेदी झाल्याची नोंद, फेसबुककडे जातो, त्यात रक्कम, पेजचा पत्ता, आयपी, ब्राउझर आणि तो कोड, म्हणून विक्री कुठल्या जाहिरातीची ते जुळतं.

खरी मेख वेगळीच आहे. साइटवाल्याने पिक्सेलमधलं अॅडव्हान्स्ड मॅचिंग चालू केलं असेल तर फॉर्ममधला ईमेल, फोन हॅश होऊन, म्हणजे अक्षर-अंकांच्या सांकेतिक ओळीत बदलून जातो, पण तुमच्या फेसबुक अकाउंटमधल्या ईमेलचा हॅशही तोच येतो, त्यामुळे माणूस ओळखू येतोच.