पहिली चाळणी जाहिरातच लावते

नोकरीची जाहिरात चांगली होती की नाही, हे बहुतेक ठिकाणी किती अर्ज आले त्यावरून ठरवलं जातं. जाहिरात वाचली, क्षणभर विचार केला आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून पान उलटलं, अशांची नोंद मात्र कुठेच होत नाही. निवड समितीने एकही अर्ज उघडण्याआधी मोठी गाळणी होऊन गेलेली असते, आणि ती करते जाहिरातीतली वाक्यं.

सँड्रा बेम आणि डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने ही गळती मोजून पाहिली. अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या जाहिराती तेव्हा उघडउघड ‘लाइनमन हवेत’ अशा थाटाच्या असत. बेम दाम्पत्याने शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना अशा कामांच्या जाहिराती वेगवेगळ्या शब्दांत दाखवल्या आणि अर्ज करावासा वाटतो का, ते विचारलं. मूळ पुरुषी भाषेतली जाहिरात वाचून जेमतेम ५ टक्के मुलींनी रस दाखवला. कुणालाही उद्देशून नसलेल्या शब्दांत तेच काम मांडल्यावर हे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं, आणि मुद्दाम स्त्रियांना उद्देशून लिहिल्यावर ४५ टक्क्यांवर. हा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला.

आता अनेक देशांत ‘फक्त पुरुष’ असं सहसा कुणी छापत नाही. पण २०११ साली डॅनियल गॉशर, जस्टिन फ्रीसन आणि आरॉन के यांनी दाखवलं की भेद विशेषणांत टिकून राहतो. पुरुषांची संख्या जास्त असलेल्या क्षेत्रांच्या जाहिरातींत ‘स्पर्धात्मक’, ‘वर्चस्व’, ‘नेतृत्व’ अशा छटेचे शब्द अधिक सापडले. प्रयोगात अशा जाहिराती वाचलेल्या स्त्रियांना ते काम कमी आकर्षक वाटलं. त्यामागचं कारण महत्त्वाचं आहे. ‘मला हे काम जमणार नाही’ असं त्यांना वाटत नव्हतं. ‘तिथे मी सामावले जाणार नाही’ असं वाटत होतं. म्हणजे कौशल्य असलेली व्यक्तीही अशा जाहिरातीने मागे फिरू शकते.

एक नमुना घेऊ. जाहिरात काल्पनिक आहे, पण तिच्यातलं प्रत्येक वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असेल:

‘डायनॅमिक, आक्रमक वृत्तीचा तरुण मेंटेनन्स इंजिनिअर हवा. इंजिनिअरिंगची पदवी आणि किमान ५ वर्षांचा अनुभव आवश्यक. इंग्रजीवर प्रभुत्व. ५० किलो वजन उचलण्याची क्षमता. कोणत्याही वेळी कामाची तयारी. पगार योग्यतेनुसार.’

ही दुरुस्त करायची तर शब्दांपासून सुरुवात करू नये. आधी ज्याच्या हाताखाली हे काम होणार, त्या विभागप्रमुखाला गाठावं आणि विचारावं, की नवीन माणूस पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय करणार? समजा उत्तर आलं: पंप आणि मोटर उघडून बेअरिंग आणि सील बदलणं, जोडताना दोन्हींचे शाफ्ट एका रेषेत आणणं, झालेल्या कामाची नोंद ठेवणं आणि महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी. आता प्रत्येक अट या उत्तरासमोर धरायची आणि दोन प्रश्न विचारायचे. हे नसेल तर काम अडेल का? आणि अडत असेल, तर ते पहिल्या काही आठवड्यांत शिकवता येईल का?

‘डायनॅमिक’ आणि ‘आक्रमक’ इथेच गळतात. या शब्दांनी आजवर एकही पंप दुरुस्त झालेला नाही. ‘तरुण’ची गतही तीच, आणि अनेक देशांत वयाची अशी अट कायद्यातही बसत नाही. ‘५ वर्षांचा अनुभव’ म्हणजे काय हवंय, हे खोदून विचारलं की कळतं, की देखरेखीशिवाय पंप उघडून पुन्हा चालू करता यायला हवा. मग तेच लिहावं. कुणी ते दोन वर्षांत शिकतं, तर कुणी सात वर्षं नुसता पाना हातात देत असतं. पदवीची अटही त्याच हिशेबात तपासायची. काही कामांना ती कायद्याने लागते, तिथे ती राहणारच. इथे आयटीआय केलेला अनुभवी माणूस हेच काम करत असेल, तर पदवीची अट त्याला विनाकारण बाहेर ठेवते.

‘इंग्रजीवर प्रभुत्व’ याचा खरा अर्थ निघतो मशीनचं मॅन्युअल वाचता येणं आणि चार ओळींचा अहवाल लिहिता येणं. ५० किलोची अट तर बहुधा जुन्या जाहिरातीतून उचललेली असते. जड मोटर चेन ब्लॉकने उचलत असतील, तर माणसाला उचलावी लागते ती हत्यारांची पिशवी. तिचं वजन करावं आणि तेवढंच लिहावं, शिवाय पर्यायी सोय करता येत असेल तर तीही नोंदवावी. ‘कोणत्याही वेळी’ याऐवजी ‘महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी, वेळापत्रक आधी मिळेल’ असं लिहिलं, की घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्यालाही हिशेब मांडता येतो. रात्रपाळी लपवायची नाही. ती लपवून घेतलेला माणूस दुसऱ्या महिन्यात निघून जातो.

मराठीत आणखी एक काळजी घ्यावी लागते, कारण आपली क्रियापदंसुद्धा लिंग सांगतात. ‘काम सांभाळणारा’ऐवजी ‘काम सांभाळता यायला हवं’ असं लिहिलं की प्रश्न सुटतो, आणि वाक्य माणसाच्या स्वभावाऐवजी कामाबद्दल बोलू लागतं.

‘आवश्यक’ आणि ‘असल्यास उत्तम’ या दोन याद्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि दुसरी छोटी. बायका सगळ्या अटी पूर्ण होत असतील तरच अर्ज करतात, असं वारंवार ऐकू येतं आणि त्याला आत्मविश्वासाचा अभाव असं नाव दिलं जातं. टॅरा मोर यांनी २०१४ साली मांडलेल्या पाहणीत वेगळं चित्र निघालं. पात्रता पूर्ण होत नसताना अर्ज का केला नाही, याचं सर्वाधिक दिलं गेलेलं कारण स्त्री-पुरुष दोघांचंही एकच होतं: पात्रतेत बसत नाही म्हणजे घेणार नाहीत, मग वेळ कशाला घालवा! लोक अटी शब्दशः घेतात. तुम्ही मनात सूट ठेवली असेल, तर ती कागदावर यायला हवी.

पगाराच्या ओळीबद्दलही हेच. आंद्रेआस लाइबब्रँट आणि जॉन लिस्ट यांनी खऱ्या जाहिराती देऊन २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की पगारावर बोलणी होऊ शकते हे लिहिलं नसेल तेव्हा पुरुष जास्त घासाघीस करतात. ते स्पष्ट लिहिलं की हा फरक नाहीसा होतो. ‘पगार योग्यतेनुसार’ हे त्या दृष्टीने सगळ्यात वाईट वाक्य. किमान-कमाल आकडा द्यावा आणि बोलणी शक्य असेल तर तसं म्हणावं.

नवी जाहिरात जमली का, हे एकूण अर्जांवरून ठरवू नका. अटी कमी केल्या की अर्ज वाढणारच. बघायचं ते हे, की पहिल्या छाननीत उतरलेल्यांचं प्रमाण काय आहे, आणि त्यात पूर्वी न दिसणारी माणसं दिसतात का. पहिला आकडा घसरला, तर अटी नुसत्याच गाळल्या गेल्यात, त्यांच्या जागी कामाचं वर्णन आलेलं नाही. वीस-पंचवीस अर्जांवरून मात्र निष्कर्ष काढू नये.

आणि शब्दांकडून फार अपेक्षाही नको. आंजा लांब्रेख्ट आणि कॅथरीन टकर यांनी विज्ञान-तंत्रज्ञानातल्या करिअरची, स्त्री-पुरुष भेद न करणारी जाहिरात १९१ देशांत ऑनलाइन चालवली. ती स्त्रियांना कमी दिसली. तरुण स्त्रियांपर्यंत पोहोचण्यासाठी इतर जाहिरातदार जास्त पैसे मोजतात, त्यामुळे खर्च वाचवणारी यंत्रणा ती आपोआप पुरुषांपुढे सरकवत होती. ऑनलाइन जाहिरात देत असाल, तर ती कोणाकोणाला दाखवली गेली याची आकडेवारी प्लॅटफॉर्मकडे बहुधा मिळते. अर्ज मोजायच्या आधी ती उघडून पाहावी.