'गोदो'चा दुसरा अंक: काहीच न घडण्यामागची पार्श्वभूमी

'वेटिंग फॉर गोदो' मूळ फ्रेंचमध्ये लिहिलं गेलं ते ऑक्टोबर १९४८ ते जानेवारी १९४९ या काळात. पॅरिसच्या एका छोट्या थिएटरात पहिला प्रयोग झाला ५ जानेवारी १९५३ ला. नाटककार सॅम्युएल बेकेट जन्माने आयरिश. युद्धात तो जर्मनांविरुद्धच्या एका गुप्त गटात होता, आणि गट फुटल्यावर दक्षिण फ्रान्समधल्या खेड्यात लपून, शेतात राबत त्याने दिवस काढले. त्या खेड्याचा आणि तिथल्या द्राक्षतोडणीचा उल्लेख फ्रेंच संहितेत नावानिशी येतो. पुढे त्यानेच इंग्रजी संहिता केली, तेव्हा नाटकातल्या व्लादिमिरला ज्याच्याकडे द्राक्षं तोडली त्या माणसाचं नावही आठवत नाही आणि गावाचंही आठवत नाही असं करून टाकलं. या छोट्याशा बदलात नाटकाची सगळी दिशा दिसते. मागचं काही हाताशी उरू द्यायचं नाही.

नाटकात काही घडत नाही, कारण घडण्यासाठी कालची गोष्ट आज उपयोगी पडावी लागते. इथे एका झाडाखाली व्लादिमिर आणि एस्ट्रागॉन हे दोघं कधीच न येणाऱ्या गोदोची वाट बघतात. एस्ट्रागॉनला कालचं काही आठवत नाही. व्लादिमिरला आठवतं, पण त्याला दुजोरा देणारं कुणी नाही. त्यात एक छोटा संवाद पुन्हा पुन्हा येत राहतो: चल, जाऊ या. नाही जाता येणार. का? गोदोची वाट बघतोय ना आपण. जेव्हा जेव्हा एखादी हालचाल सुरू होईल असं वाटतं, तेव्हा हा संवाद येतो आणि ती तिथेच थांबते. निघून जाणं शक्य नाही, म्हणून मधला वेळ भरायचा: टोप्या, बूट, भांडण, गळामिठी, झाडाला लटकून घेण्याचा बेत. त्यातलं एकही पुढच्या गोष्टीला जन्म देत नाही. संवादाच्या या पुनरावृत्तीला पालुपद म्हणावंसं वाटतं, पण पालुपदाने गाणं पुढे सरकतं. हा संवाद दोघांना ओढून पुन्हा त्याच झाडाखाली आणतो.

मात्र हे नाटक गोल गोल फिरतं असं जे म्हटलं जातं, ते मला अपुरं वाटतं. दोन अंक शेजारी ठेवून वाचले की कळतं, दुसऱ्या फेरीत प्रत्येक गोष्ट थोडी कमी झालेली असते. पहिल्या अंकात व्लादिमिरच्या खिशातून शेवटचं का होईना, गाजर निघतं. दुसऱ्यात फक्त मुळा आणि सलगम उरतात. वाटेने येणाऱ्या पोझोला दिसत होतं, तो आंधळा होतो. त्याचा दोरीने बांधलेला नोकर लकी, त्याने पहिल्या अंकात न थांबता लांबलचक भाषण केलं होतं, तो मुका होतो, आणि त्या दोघांना जोडणारी दोरीही आखूड होते. वाढलेली एकच गोष्ट, झाडाला आलेली चार-पाच पानं.

सगळ्यात बारीक फरक आहे तो निरोप्या मुलाच्या प्रसंगात. दोन्ही संध्याकाळी निरोप एकच: गोदो आज येणार नाहीत, उद्या नक्की येतील. पहिल्या अंकात तो निरोप मुलगा सांगतो. दुसऱ्यात व्लादिमिरच एकेक वाक्य म्हणतो आणि मुलगा नुसता हो-नाही करतो. गोदोला काय सांगू, असं मुलगा विचारतो, तेव्हा पहिल्यांदा उत्तर असतं की आम्हाला पाहिलंस असं सांग. दुसऱ्यांदा उत्तर असतं, मला पाहिलंस असं सांग. शेजारी एस्ट्रागॉन झोपलेला आहे. उद्या येऊन मला कधी पाहिलंच नाही असं म्हणू नकोस, असंही व्लादिमिर बजावतो. 'आम्हाला'चं 'मला' होणं ही या नाटकातली खरी घटना आहे, आणि पहिल्यांदाचं वाक्य कानात असल्याशिवाय ती ऐकूच येत नाही. दोन्ही अंकांचा शेवटही तसाच. निघायचं का, हो निघू या, आणि दोघं जागचे हलत नाहीत. पण पहिल्या अंकात विचारणारा एस्ट्रागॉन असतो आणि दुसऱ्यात व्लादिमिर.

म्हणून या नाटकाच्या प्रयोगांचा इतिहास पाहताना मध्यंतराकडे लक्ष ठेवावं लागतं. जानेवारी १९५६ मध्ये मायामीला जाहिरात झाली ती दोन खंडांना हसवणाऱ्या नाटकाची. पहिल्या अंकानंतर बरेच प्रेक्षक उठून गेले. त्याच वर्षी एका समीक्षकाने लिहिलं की या नाटकात काहीच घडत नाही, आणि तेही दोनदा. नोव्हेंबर १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे १४०० कैद्यांसमोर प्रयोग झाला. नाटक निवडण्याचं एक कारण इतकंच होतं की त्यात स्त्रीपात्र नाही. कैद्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. उद्याचा वायदा दुसऱ्यांदा ऐकणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 'ॲब्सर्ड' हे लेबल त्यानंतर, १९६१ च्या एका ग्रंथामुळे रूढ झालं. नाटककाराला स्वतःला ते मान्य नव्हतं.

१९७५ मध्ये बर्लिनला त्याने हे नाटक स्वतः बसवलं. त्या वेळच्या वहीत त्याने पुन्हा येणाऱ्या शब्दांची आणि हालचालींची टिपणं काढली होती. एकाचा कोट दुसऱ्याच्या पँटशी जुळेल असे कपडे दिले आणि दुसऱ्या अंकात ती जोडी उलटी केली. पुनरावृत्ती त्याने किती काटेकोर मोजून बांधली होती, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट १९९३ चा, बोस्नियातल्या साराएव्होचा निर्णय वादग्रस्त ठरतो. शहराला वेढा पडलेला, वीज नाही, रात्री बाहेर पडणं जिवावरचं. सुसान सोंटॅग या अमेरिकन लेखिकेने स्थानिक नटांना घेऊन दुपारी मेणबत्त्यांच्या उजेडात प्रयोग केले. व्लादिमिर-एस्ट्रागॉनच्या तीन जोड्या केल्या: दोन पुरुष, दोन स्त्रिया, आणि एक स्त्री-पुरुष. नाटककाराने हयातीत बायकांना या भूमिका करू द्यायला सतत विरोध केला होता, तेव्हा हाही बदल लहान नव्हता. पण मोठा बदल म्हणजे तिने फक्त पहिला अंक केला. कारणं तिने पुढे लिहून ठेवली. नट अर्धपोटी आणि थकलेले होते, तालमीत आपलं वाक्य नसेल तेव्हा आडवे व्हायचे. प्रेक्षक गोळीबारातून चालत येणार होते. तीन जोड्यांमुळे पहिला अंकच लांबला होता. आणि गोदो येत नाही हे त्या शहराला दोनदा ऐकवण्याचं तिच्या मनाने घेतलं नसावं, असंही तिच्या लिहिण्यातून दिसतं.

पहिली कारणं मला पूर्ण पटतात. शेवटचं पटत नाही. एका अंकाचं 'गोदो' म्हणजे एक न पूर्ण झालेला वायदा, आणि त्यात उद्याला जागा उरते. दुसरा अंक नसला की 'आम्हाला'चं 'मला' होत नाही, आणि वाट पाहण्याने माणूस आतून किती झिजतो ते दिसत नाही. वर्षभराहून जास्त वेढ्यात राहिलेल्या लोकांना ती झीज अनोळखी नव्हती. सॅन क्वेंटिनचा अनुभव तरी हेच सांगतो. तरीही एवढं नोंदवायला हवं की १८ ऑगस्टच्या दुपारी निरोप्याचं वाक्य संपल्यावर प्रेक्षागृहात कुणी आवाज केला नाही. बाहेरून येत होता तो संयुक्त राष्ट्रांच्या चिलखती गाडीचा आणि बंदुकीचा आवाज. हे नाटकच होतं, अर्धं असलं तरी.

नोव्हेंबर २००७ मध्ये न्यू ऑर्लिन्सला, कत्रिना वादळाने उद्ध्वस्त झालेल्या वस्तीतल्या रिकाम्या चौकात हे नाटक फुकट झालं. तिथे दोन्ही अंक केले गेले. गर्दी मावेना म्हणून जादा प्रयोग लावावा लागला.