चेन फाकणे व अडकणे

जॅकेट, रेनकोट, दप्तर किंवा प्रवासी बॅग यांची चेन बंद करूनही मागून उघडी पडते, तेव्हा तिला ‘चेन फाकली’ म्हणतात. ती मध्येच हलेनाशी झाली, तर ‘अडकली’. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात ग्राहक मराठी बोलो वा कानडी, दुकानात ‘चेन’ आणि ‘रनर’ हे दोनच शब्द पुरतात. रनर म्हणजे चेनवरून वरखाली फिरणारा धातूचा तुकडा. फाकलेल्या चेनमध्ये दोष बहुतेक वेळा दात्यांचा नसून या रनरचा असतो. तरीही पुष्कळ जण पूर्ण चेन बदलून घेतात आणि उगाच जास्त पैसे मोजतात.

रनरला पुढे दोन तोंडे असतात आणि मागे एक. दोन्ही पट्ट्यांचे दाते पुढच्या दोन तोंडांतून आत येतात, मधल्या पाचरीला वळसा घालून एकमेकांजवळ येतात आणि मागच्या तोंडातून बाहेर पडताना दाबले जाऊन एकमेकांत अडकतात. हा दाब रनरच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यामधल्या फटीवर अवलंबून असतो. दप्तर ठासून भरून चेन ओढत राहिले की पत्रे मागच्या बाजूला फाकतात, आतली कडही झिजते. फट केसभर वाढली तरी दाते नुसते शेजारी शेजारी येऊन बाहेर पडतात, अडकत नाहीत.

दोष रनरचा की दात्यांचा, हे घरच्या घरी कळते. चेन दर वेळी वेगवेगळ्या जागी फाकत असेल तर रनर सैल झालेला आहे. दर वेळी नेमक्या त्याच जागी फाकत असेल तर तिथला दाता तुटलेला, वाकलेला किंवा नायलॉनचे वेटोळे पट्टीपासून सुटलेले असते. दप्तराला बहुधा दोन रनर असतात, त्यामुळे तपासणी आणखी सोपी होते. डावा रनर ओढल्यावर चेन फाकते आणि त्याच भागावरून उजवा रनर फिरवल्यावर नीट बसते, म्हणजे दाते शाबूत आहेत. एकच रनर असेल तर त्याचा मागचा भाग चिमटीत घट्ट दाबून धरावा आणि तसाच ओढून पाहावा. चिमटीत असताना चेन बसते आणि सोडल्यावर फाकते, तर पक्कडीने काम भागेल.

समजा, जूनमध्ये शाळा सुरू होताना बाहेर काढलेल्या दप्तराची आठ नंबरची नायलॉन चेन फाकते आहे. आधी रनर चेन जिथून सुरू होते त्या टोकाला आणावा. वाटेत फाकलेला भाग आडवा येतो. तिथे दोन्ही पट्ट्या सरळ ताणून धराव्यात आणि रनर हळूहळू मागे घ्यावा, झटका देऊ नये. पक्कडीच्या जबड्यावर कापडाची घडी ठेवावी, म्हणजे रनरवर चरे पडत नाहीत. मग रनरच्या मागच्या तिसऱ्या हिश्शाची डावी कड एकदा, तेवढीच उजवी कड एकदा, अशी अलगद दाबावी. मधोमध किंवा पुढच्या तोंडांशी दाबू नये. दाब डोळ्यांना दिसण्याइतका नको. दोन्ही कडा एकदा दाबून झाल्या की चेन चालवून पाहावी, गरज पडली तरच पुन्हा दाबावे. एकच कड जास्त दाबली गेली तर रनर तिरका चालतो आणि एका बाजूचे दाते खरवडतो. दोन्ही कडा जास्त दाबल्या तर रनर हलतच नाही. मग मागच्या फटीत बारीक पेचकस घालून तो किंचित उचकटावा लागतो, आणि इथेच घोटाळा होतो: रनर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. तो एकदा वाकवणे सोसतो, पुढे-मागे दोनदा वाकवला की कडेला तडा जातो.

पक्कडीने फट कमी होते, झिजलेली कड भरून येत नाही. म्हणून पुढे कधी तोच रनर दुसऱ्यांदा दाबायची वेळ आली तर तो बदलावा. सुटा रनर शिवणकामाचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. बेळगावात खडे बाजारासारख्या कापडपेठेच्या आसपास चौकशी करावी. जुना रनर सोबत नेणे उत्तम. पाठीवर बहुधा ३, ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो. बंद चेनच्या दात्यांची मिलिमीटरमधली रुंदी साधारण त्या आकड्याएवढी असते. मात्र आकडा जुळणे पुरेसे नाही. नायलॉनचा, धातूच्या दात्यांचा आणि जाड प्लास्टिक दात्यांचा रनर आतून वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

रनर बदलताना दप्तराच्या चेनच्या टोकाची शिवण दोन-तीन सेंटिमीटर उसवली की पट्ट्यांची टोके मोकळी होतात. ती एका रेषेत कापून रनरच्या पुढच्या दोन तोंडांत एकेक घालावीत आणि दोन्ही सारखी धरून रनर पुढे सरकवावा. एक टोक दाताभरही पुढे गेले तर शेवटी चेनला फुगा येतो. रनर बसल्यावर टोकाला जाड दोऱ्याचे आठ-दहा आडवे टाके घालावेत, नाहीतर तो परत निघून येईल.

अडकलेल्या चेनचे कारण बहुतेक वेळा अस्तर असते. रनर पुढे ओढत राहिल्यास कापड आणखी आत जाते. एका हाताने अस्तर रनरपासून आडवे ताणून, दुसऱ्या हाताने रनर एकेक दाता मागे घ्यावा. कापड नसेल तर माती. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात तांबडी माती नायलॉनच्या वेटोळ्यांत बसते आणि वाळल्यावर कानसीसारखी रनर झिजवते. जुना दातब्रश आणि साबणाचे पाणी वापरून चेन धुवावी, पूर्ण वाळवावी, मग मेणबत्ती घासावी. धातूच्या दात्यांवर पेन्सिलचे शिसेही चालते. खोबरेल लावू नये. तेलाला धूळ चिकटते आणि कापडावर डाग पडतो.

कारागिराकडे जायचे ते चार प्रसंगी. जॅकेटच्या खालच्या टोकाची पिन किंवा ती बसते ती डबी तुटणे. पिनेजवळची पट्टी फाटणे. जाड प्लास्टिकचा दाता गळणे. इस्त्रीने नायलॉन वितळणे. या दोषांत रनर बदलून उपयोग नाही, पूर्ण चेन बदलावी लागते. जॅकेट शिंप्याकडे द्यावे, पण अस्तर उसवून पुन्हा लावावे लागते म्हणून वेळ जास्त लागतो. बॅगेचे जाड कापड आणि आतली कडक पट्टी नेहमीच्या शिलाई मशीनवर शिवताना सुई मोडते, तेव्हा ती जाड मशीन असलेल्या बॅगवाल्याकडे किंवा आरीने हाताने टाके घालणाऱ्या चर्मकाराकडे न्यावी. चप्पलकामासाठी ख्यात असलेल्या अथणी-निपाणी पट्ट्यात असे हात अजून आहेत.

दुकानात ‘चेन खराब झाली’ एवढेच सांगितले तर नवी चेनच बसवली जाण्याची शक्यता जास्त. दाते तपासलेले असतील तर ‘फक्त रनर बदला’ असे सांगावे, आणि फाकलेली जागा दर वेळी बदलते हे समोर चालवून दाखवावे.