परदेशी स्थलांतर आणि नेहमीची औषधे

कुटुंब कायमचे किंवा काही वर्षांसाठी परदेशी जाताना बीपी, शुगर, थायरॉइड, दमा अशा आजारांवरची रोजची औषधे सोबत नेणे आणि ती तिथल्या कस्टम्समधून रीतसर आत घेणे, हा या नोंदीचा विषय आहे. प्रत्येक देशाचा नियम वेगळा असतो. अमेरिकेत साधारण ९० दिवसांचा साठा चालतो. जपानमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधे एक महिन्यापुरतीच नेता येतात, जास्त न्यायची असतील तर आधी परवानगी काढावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमॅडॉल, प्रीगॅबालिन यांसारखी औषधे नियंत्रित यादीत आहेत. आपल्याकडे कंबरदुखीवर किंवा पायांच्या मुंग्यांवर ती सर्रास लिहिली जातात, म्हणून आखातात जाणाऱ्याने आपल्या चिठ्ठीतले प्रत्येक नाव त्या यादीशी ताडून पाहावे आणि गरज असल्यास निघण्याआधी ऑनलाइन परवानगी घ्यावी. पुढचे विवेचन ऑस्ट्रेलियाबद्दल आहे, कारण तिथला नियम स्पष्ट आहे आणि चुका नेमक्या कुठे होतात ते त्यावरून नीट कळते.

ऑस्ट्रेलियात प्रवाशाला स्वतःसाठी किंवा त्याच प्रवासात सोबत असलेल्या घरच्या माणसासाठी जास्तीत जास्त तीन महिन्यांचे औषध आणता येते. औषध मूळ वेष्टनात असावे लागते आणि सोबत डॉक्टरचे इंग्रजी पत्र किंवा चिठ्ठी लागते.

परभणीहून मेलबर्नला निघालेले एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. नवऱ्याला शुगर आहे. तो रात्री ग्लार्जिन इन्सुलिनचे १८ युनिट घेतो आणि मेटफॉर्मिनच्या दोन गोळ्या खातो. बायकोला थायरॉइडची रोज एक गोळी आहे. मुलाकडे दम्याचा पंप आहे.

हिशेब दिवसांचा करायचा, डब्यांचा नाही. इन्सुलिनच्या एका पेनात ३०० युनिट असतात. प्रत्येक वेळी सुई तपासायला दोन युनिट बाहेर सोडतात, म्हणजे रोजचे वीस झाले. एक पेन पंधरा दिवस पुरते आणि ९० दिवसांना सहा पेने लागतात. मेटफॉर्मिनच्या १८० गोळ्या होतात. थायरॉइडच्या गोळीशी मात्र हिशेब अडतो, कारण ती बाटलीत मिळते आणि १२० गोळ्यांची बंद बाटली म्हणजे चार महिन्यांचा साठा. तीस गोळ्या काढून दुसऱ्या डबीत भरल्या तर त्या डबीवर नाव राहत नाही. साधा उपाय म्हणजे बाटली निघण्याच्या महिनाभर आधी फोडावी आणि घरी त्यातल्याच गोळ्या घ्याव्यात. विमानात बसताना बाटलीत ९० गोळ्या उरतात आणि लेबल जागेवर असते.

गोळ्यांच्या स्ट्रिपचेही तसेच आहे. आपल्याकडे मेडिकलवाला मागाल तेवढ्या गोळ्या कात्रीने कापून देतो. औषधाचे नाव, बॅच नंबर आणि मुदत बहुतेक वेळा स्ट्रिपच्या एकाच भागावर छापलेली असते. उरलेला तुकडा म्हणजे चंदेरी कागदातल्या पांढऱ्या गोळ्या, आणि त्या कशाच्या आहेत हे कस्टम्सच्या अधिकाऱ्याला सांगता येत नाही. मेडिकलमध्ये आधीच सांगून सगळ्या स्ट्रिप अखंड घ्याव्यात आणि रुग्णाच्या नावाची पक्की पावती मागावी. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत गोळ्या भरून नेण्याची सवय घरी चांगली आहे, या प्रवासात नको.

डॉक्टरच्या पत्रात औषधाचे मूळ नाव, मिलिग्राम, दिवसातून किती वेळा आणि कोणत्या आजारासाठी एवढे असले की पुरते. ब्रँडचे नाव एकटे उपयोगाचे नाही. परभणीत जो ब्रँड पोराटोरांना पाठ असतो तो तिथे कुणी ऐकलेलाही नसतो. मूळ नावातही कधी फरक पडतो. दम्याच्या पंपातले आपले सालब्युटामॉल ऑस्ट्रेलियात त्याच नावाने चालते, पण अमेरिकेत ते अल्ब्युटेरॉल होते. रुग्णाचे नाव पासपोर्टवर आहे तसेच्या तसे हवे. आपल्या चिठ्ठ्यांवर नावामागे ‘बाई’ किंवा ‘राव’ लागलेले असते आणि आडनाव गाळलेले असते. पत्र लिहून घेताना पासपोर्टची झेरॉक्स डॉक्टरांपुढे ठेवावी.

इन्सुलिनची खरी परीक्षा विमानाच्या आधी होते. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या पार असतो आणि मुंबईपर्यंत देवगिरी एक्सप्रेसची अख्खी रात्र काढायची असते. घरची माणसे काळजीपोटी थर्मासात बर्फ भरून त्यात पेने खोचून देतात. तिथेच घात होतो, कारण गोठलेले इन्सुलिन वाया गेलेले असते. ते वितळल्यावर ग्लार्जिन पुन्हा स्वच्छ पाण्यासारखे दिसू शकते, त्यामुळे नुसते पाहून काही कळत नाही. आठवडाभर शुगर वर राहिली की मग शंका येते. जेलची थंड पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळावी, पेने तिला थेट टेकू देऊ नयेत. न उघडलेले पेनही ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस टिकते, म्हणून एसी डबा आणि विमान मिळून दोन दिवसांच्या प्रवासात खरी भीती उन्हाची आणि बर्फाची, थंडाव्याच्या कमतरतेची नाही. सगळी औषधे, पंप आणि सुया हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. खाली दिलेली बॅग चुकू शकते, आणि तिथल्या थंडीत इन्सुलिन गोठण्याचाही धोका असतो. हातातल्या द्रव पदार्थांना १०० मिलिलीटरची मर्यादा असली तरी गरजेच्या औषधांना ती लागू नाही. तपासणीला पिशवी वेगळी काढून दाखवावी.

मेलबर्नची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास, आणि तिथल्या उन्हाळ्यात साडेपाच तास पुढे असते. रात्रीचे इन्सुलिन तिथल्या दहाला घेतले तर ते नेहमीपेक्षा तेवढे तास लवकर पडते. पहिला डोस कसा सरकवायचा हे डॉक्टरांकडून पत्रावरच लिहून घ्यावे.

उतरण्याआधी भरायच्या प्रवासी कार्डावर औषधांचा प्रश्न असतो. तिथे ‘हो’ लिहावे. ‘हो’ लिहिले की अधिकारी पत्र आणि पिशवी पाहतो. ‘नाही’ लिहून औषध सापडले तर तो लपवण्याचा प्रश्न होतो. पारंपरिक औषधे आणि वनस्पती यांबद्दल त्याच कार्डावर वेगळी विचारणा आहे. आजीने बांधून दिलेले त्रिफळा, शतावरी कल्प, सुट्या पुडीतला ओवा हे सगळे तिथे सांगावे लागते. घरी कुटलेली, लेबल नसलेली पुडी तिथे टाकून द्यावी लागण्याची शक्यता मोठी, म्हणून ती परभणीतच ठेवलेली बरी.

‘औषध संपले की आई येताना घेऊन येईल’ हा बेत मराठवाड्यातल्या घरांत हमखास ऐकू येतो. तो या नियमात बसत नाही. आई फक्त स्वतःसाठी किंवा सोबत प्रवास करणाऱ्या घरच्या माणसासाठी औषध आणू शकते, आधीच मेलबर्नला राहणाऱ्या मुलासाठी नाही. कुरिअरने चिठ्ठीवरचे औषध मागवायचे तर तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते, तीही एका वेळी तीन महिन्यांपुरतीच. भारतातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर तिथला फार्मसिस्ट औषध देत नाही.

त्यामुळे ९० दिवसांचा साठा म्हणजे तिथला डॉक्टर गाठण्याची मुदत होय. पहिल्या महिन्यातच जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ घ्यावी. कायम वास्तव्याचा व्हिसा असेल तर मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य योजनेत नाव घालता येते आणि सरकारी यादीतली औषधे सवलतीत मिळतात. तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर भारतीयांना सहसा ही सोय नसते, तेव्हा फी आणि औषधांचा खर्च खिशातून किंवा खासगी विम्यातून होतो. गेल्या सहा महिन्यांचे शुगरच्या एचबीए१सी आणि थायरॉइडच्या टीएसएच तपासणीचे रिपोर्ट त्याच पिशवीत ठेवले, तर जीपीला चालू डोस तसाच पुढे लिहून देणे सोपे जाते.