पार्श्वभूमी: विंडोची रुंदी आणि 600 चा आकडा

अँड्रॉइड 16 (2025) पासून एक मोकळीक संपत आली आहे. ॲप एपीआय 36 टार्गेट करत असेल आणि डिस्प्लेची लहान बाजू 600 डीपी किंवा त्याहून मोठी असेल, तर "मी फक्त उभाच चालेन" किंवा "माझा आकार बदलू नका" या मॅनिफेस्टमधल्या सूचना सिस्टीम मानत नाही. गेम्सना यातून वगळलं आहे. बाकीच्यांना मॅनिफेस्टमध्ये एक ओळ लिहून सध्या सुटका करून घेता येते, पण एपीआय 37 टार्गेट करताच तीही वाट बंद होते. घडीचा फोन उघडला की आजवर असं ॲप दोन काळ्या पट्ट्यांच्या मधे उभं राहायचं. आता ते पूर्ण स्क्रीनभर ताणलं जातं आणि लेआउटमधले दोष उघडे पडतात.

हे दोष कुठून आले हे समजायला 600 या आकड्याचा माग काढावा लागतो. एकाच आकड्याला दोन वेगळे अर्थ चिकटले आहेत आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

सुरुवातीला स्क्रीनचे small, normal, large, xlarge असे ढोबळ गट होते. 5 इंची आणि 7 इंची दोन्ही उपकरणं large मध्येच पडायची, त्यामुळे टॅबलेटसाठी केलेला लेआउट मोठ्या फोनवरही लागायचा. 2011 मध्ये अँड्रॉइड 3.2 ने sw600dp सारखे क्वालिफायर आणले. 160 डीपीआयच्या स्क्रीनवर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल. तशा घनतेच्या 600 × 1024 च्या 7 इंची टॅबलेटची लहान बाजू 600 डीपी भरते. आकडा तिथला आहे. sw म्हणजे लहान बाजू, आणि फोन उभा धरा की आडवा, ती बदलत नाही. तिचा हेतूच तो होता. w600dp हा आत्ता उपलब्ध असलेली रुंदी सांगणारा क्वालिफायरही त्याच वेळी आला, पण sw सोयीचा वाटला, कारण त्याच्या मदतीने "हा टॅबलेट आहे का?" हा प्रश्न एका ओळीत सुटत होता:

```kotlin
val isTablet = resources.configuration.smallestScreenWidthDp >= 600
```

माझ्या मते पुढच्या दहा वर्षांतल्या अडचणींचं मूळ या एका ओळीत आहे. ॲप सुरू होताना हे उत्तर एकदा काढून जपून ठेवलं जायचं. उपकरणाचा आकार कधीच बदलत नसेल, तर त्यात चूक काहीच नाही. पण 2016 मध्ये अँड्रॉइड 7.0 ने स्प्लिट स्क्रीन आणली, 2019 मध्ये घडीचे फोन बाजारात आले आणि ॲप चालू असतानाच उत्तर बदलायला लागलं. मिटलेल्या फोनवर सुरू केलेलं ॲप उघडल्यावरही isTablet खोटंच धरून बसतं आणि एक रकाना रुंदीभर ताणला जातो. उलट, उघड्या फोनवर सुरू केलेलं ॲप स्क्रीन अर्धी झाली तरी दोन रकाने कोंबत राहतं. काही ॲप्स तर रकान्यांची संख्या Display.getRealSize() वरून काढत. ती पूर्ण स्क्रीनचं माप देते, म्हणून अर्ध्या विंडोत चित्रांची जाळी उजवीकडे कापली जायची.

यावर 2021 मध्ये विंडो साइझ क्लास आले. रुंदी 600 डीपीपेक्षा कमी असेल तर कॉम्पॅक्ट, 600 ते 840 च्या आत मीडियम, 840 आणि पुढे एक्स्पांडेड. आणखी मोठ्या विंडोंसाठी 1200 आणि 1600 चे टप्पे नंतर जोडले गेले. मोजायची ती विंडो, उपकरण नाही. आता तीच चौकशी अशी होते:

```kotlin
val w = currentWindowAdaptiveInfo().windowSizeClass
val wide = w.isWidthAtLeastBreakpoint(840)
```

तत्त्व बरोबर आहे. वाद आकड्यांचा आहे. हे टप्पे उपकरणापासून स्वतंत्र म्हणून मांडले गेले, पण त्यांचं समर्थन उपकरणांच्याच मोजणीवर उभं आहे: उभे धरलेले 99.96 टक्के फोन 600 च्या खाली, उभे धरलेले 93.73 टक्के टॅबलेट मीडियममध्ये, आडवे धरलेले 97.22 टक्के टॅबलेट एक्स्पांडेडमध्ये. म्हणजे "टॅबलेट आहे का?" हा जुना प्रश्न आकड्याच्या आड शिल्लक राहिला. शिवाय अँड्रॉइड 16 चा 600 डिस्प्लेच्या लहान बाजूचा आणि साइझ क्लासचा 600 विंडोच्या रुंदीचा. पहिला ठरवतो की तुम्हाला आकार बदलावाच लागेल. दुसरा ठरवतो की बदलून काय दाखवायचं. चर्चेत दोन्हींना नुसतं "सिक्स हंड्रेड" म्हणतात आणि लोक एकाच्या जागी दुसरा तपासतात.

एक मेल ॲप घेऊ. घडीच्या फोनसाठी चाचणीत वापरला जाणारा प्रमाण आकार 673 × 841 डीपी आहे. उभा धरला तर रुंदी मीडियम. आडवा केला की 841, म्हणजे अवघ्या एका डीपीने एक्स्पांडेड. उंबरठ्याला इतकं चिकटलेलं उपकरण असेल तर रुंदी कशी मोजली यावर लेआउट ठरतो. कडेच्या सिस्टीम बारची जागा वजा करून कोणी रुंदी काढली, तर तोच फोन मीडियममध्ये घसरतो.

आता उभ्या फोनवर स्क्रीन वर-खाली विभागा. मधली दुभाजक पट्टी सोडून प्रत्येक विंडोला साधारण 415 डीपी उंची मिळते, रुंदी मात्र 673 च राहते. रुंदी मीडियम दिसल्यामुळे ॲप डावीकडे उभी नेव्हिगेशन रेल लावतं. पाच आयकॉन, प्रत्येकी साठेक डीपी, वर नवीन मेलचं बटण आणि मोकळी जागा धरली की चारशे डीपी संपले. स्टेटस बारखाली उरलेल्या उंचीत शेवटचा आयकॉन अर्धा कापला जातो, तोही बहुधा सेटिंग्जचा. उंचीचेही वर्ग आहेत आणि 480 च्या खाली कॉम्पॅक्ट धरतात, पण रुंदी पाहून थांबणाऱ्या कोडला ते कळत नाही. आडवा धरलेला साधा फोनही, 891 × 411, रुंदीने एक्स्पांडेड आणि उंचीने कॉम्पॅक्ट ठरतो.

पूर्ण स्क्रीनवर आडव्या 841 मध्ये दोन रकाने टाकले तर रेलला 80, यादीला 360, मधल्या फटीला 24. मेल वाचायला उरले 377. साध्या फोनवर त्याच मेलला 411 मिळत होते. ज्या वर्गाला "एक्स्पांडेड" म्हणतात, त्यात मजकूर आणखी अरुंद होतो आणि जोडलेला तक्ता आडवा सरकवावा लागतो. वेबच्या बाजूला याच अडचणीवर कंटेनर क्वेरी आल्या, त्या 2023 च्या सुरुवातीला सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये पोहोचल्या: घटकाने पानाची रुंदी न विचारता स्वतःला मिळालेली जागा पाहायची. मेलच्या रकान्यालाही तेच लागू पडतं. तक्ता कसा मांडायचा हे त्या रकान्याच्या 377 वरून ठरायला हवं, विंडोच्या 841 वरून नाही.

दुभागणी कुठे करायची याचं उत्तर या फोनमध्ये घडीनेच दिलेलं आहे. FoldingFeature घडीची जागा सांगतं. फोन आडवा धरल्यावर घडीची रेघ उभी येत असेल, तर ती मधोमध, म्हणजे 420 च्या आसपास असते. रकाने तिथेच तोडले तर डावीकडे रेलचे 80 आणि यादीचे 340 बसतात, उजवीकडे मेलला पूर्ण 420 मिळतात. यादी 20 डीपीने लहान झाली, पण तिच्यात पाठवणाऱ्याचं नाव आणि विषयच दाखवायचा असतो. मेल फोनपेक्षा रुंद झाला आणि घडीची रेघ एकाही ओळीवरून जात नाही.