रॅपिड मॅक्सिलरी एक्सपान्शन : वाढत्या वयातला अरुंद वरचा जबडा

वरचा जबडा दोन अर्ध्या हाडांचा असतो आणि लहानपणी ती हाडं टाळूच्या मधोमध एका सूचरने म्हणजे शिवणीने जोडलेली असतात. वरच्या दाढांना पकडून बसवलेल्या स्क्रूने ही शिवण दोन-तीन आठवड्यांत उघडायची आणि फटीत नवीन हाड भरेपर्यंत जबडा तसाच धरून ठेवायचा, या उपचाराला रॅपिड मॅक्सिलरी एक्सपान्शन म्हणतात. नुसते दात बाहेर ढकलणं हा याचा हेतू नाही, जरी थोडेफार दात कलतातच.

सुरुवातीचं श्रेय बहुतेक ठिकाणी एमर्सन अँजेल यांना देतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या या डेंटिस्टने १८६० मध्ये साधारण साडेचौदा वर्षांच्या एका मुलीची केस छापली, आणि समोरच्या दोन दातांमध्ये फट पडली यावरून हाडंच वेगळी झाली असा दावा केला. त्या काळच्या बऱ्याच जाणकारांना ते पटलं नाही, आणि पटायला पुरावा तरी काय होता, एक्स-रेचा शोधच १८९५ चा. त्यामुळे शिवण खरंच उघडली होती की दातच सरकले होते हे त्या एका नोंदीवरून ठरत नाही, पण पुढे एक्स-रेवर जे दिसलं त्याच्याशी अँजेल यांचं वर्णन इतकं जुळतं की त्यांचं म्हणणं खरं धरायला हरकत नसावी. नंतर अमेरिकेत ही पद्धत मागे पडली, युरोपात थोडी टिकली, आणि १९६१ मध्ये अँड्र्यू हास यांनी डुकरांवरचे प्रयोग आणि पेशंट दोन्ही दाखवल्यावर परत रुळली. हास यांच्या अप्लायन्समध्ये टाळूला टेकणारं अ‍ॅक्रिलिक असतं, तर बिडरमन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या हायरॅक्समध्ये फक्त धातू, त्यामुळे तो साफ ठेवायला सोपा.

वेळेचा प्रश्न जास्त वादाचा आहे. मेल्सन यांनी १९७५ मध्ये टाळूच्या ऊतींचा अभ्यास करून दाखवलं की शिवण लहानपणी रुंद आणि बरीच सरळ असते, मग नागमोडी होते आणि किशोरवयात दोन्ही कडा एकमेकांत अडकत जातात. बाचेट्टी वगैरेंनी २००१ मध्ये मानेच्या मणक्यांवरून वाढीचा टप्पा ठरवून तुलना केली, त्यात वाढीच्या झपाट्याआधी उपचार झालेल्यांत हाडाचा फायदा जास्त दिसला, नंतरच्यांत दातांचाच वाटा वाढला. पण नुसत्या वयावर जाऊ नये, कारण शिवण कधी जुळते यात माणसामाणसांत खूप फरक आहे. २०१३ पासून थ्रीडी स्कॅनवरून शिवणीचे ए ते ई असे टप्पे पाडतात, त्यातल्या डी-ईमध्ये ती जुळायला लागलेली असते. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र तेवढ्यासाठी स्कॅनचं रेडिएशन देण्यात फारसा अर्थ नाही.

समजा नऊ वर्षांची मुलगी आहे, उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसतात. बघताना दोष एका बाजूचा वाटतो, पण बऱ्याचदा वरचा जबडा दोन्हीकडून अरुंद असतो आणि चावताना खालचा जबडा एका बाजूला सरकतो म्हणून तसं दिसतं. तिला ६ मिमी रुंदी कमी पडते. काही भाग परत जाणार म्हणून २ मिमी जास्त धरले, एकूण ८. स्क्रूचा एक पाव फेरा ०.२५ मिमी, सकाळी एक नि रात्री एक, म्हणजे ३२ फेरे आणि १६ दिवस. किल्ली घरचेच फिरवतात, ती दोरीला बांधलेली असावी नाहीतर गिळली जायची भीती असते. फेऱ्यानंतर नाकाच्या मुळाशी दाब जाणवतो, काही मिनिटांत ओसरतो. काही दिवसांत समोरच्या दोन दातांमध्ये फट दिसायला लागते आणि आईवडील घाबरून फोन करतात, पण शिवण उघडल्याची हीच खूण, ही फट पुढे हिरड्यांच्या तंतूंच्या ओढीने बरीचशी आपोआप मिटते. वरच्या दाढांचे आतले उंचवटे खालच्यांच्या बाहेरच्या उंचवट्यांवर आले की फिरवणं थांबवायचं. मग स्क्रू लॉक करून अप्लायन्स साधारण सहा महिने तसाच ठेवायचा, लवकर काढला तर जबडा परत आकसतो.

फट इंग्रजी व्ही सारखी, पुढे रुंद नि मागे अरुंद असते, आणि समोरून पाहिलं तर खाली जास्त नि नाकाकडे कमी. दाढा बाहेर कलल्याने चावा थोडा उघडतो आणि खालचा जबडा खाली-मागे फिरतो, म्हणून ज्यांचा चेहरा आधीच लांब आहे नि पुढचे दात मिटत नाहीत त्यांच्यात जपून.

फेरे चालू आहेत, दुखणं वाढतंय आणि फट मात्र पडत नाही, असं झालं तर थांबून एक्स-रे काढावा. शिवण न उघडता नुसत्या दाढा बाहेर जात राहिल्या तर बाहेरचं पातळ हाड झिजतं नि हिरडी मागे सरकते. वाढ पूर्ण झालेल्यांत म्हणूनच सर्जरीची किंवा टाळूत मिनीस्क्रू बसवण्याची मदत घेतात.

नाकाची पोकळीही थोडी रुंदावते, त्यामुळे काही मुलांचा श्वास मोकळा होतो, पण टाळू अरुंद नसताना फक्त घोरण्यासाठी हे करावं याला पुरेसा आधार नाही.