जुने दर बंद केले तर रेंज जाते?

“राउटरमधले १ एमबीपीएसचे जुने दर बंद करू नका, वायफायची रेंज कमी होते.”

सिग्नलची ताकद तेवढीच राहते. त्याच कोपऱ्यात फोनवर आधी-नंतरचे डीबीएम पाहा, फारसा फरक दिसणार नाही. मुख्यतः बदलतो तो वेळ. राउटर प्रत्येक नेटवर्क नावासाठी सेकंदाला सुमारे दहा बीकन, म्हणजे ‘मी इथे आहे’ असे छोटे संदेश, सर्वांत कमी दराने पाठवतो. ३०० बाइटचा बीकन १ एमबीपीएसवर अंदाजे २.६ मिलिसेकंद खातो, ६ वर जेमतेम ०.४. १ एमबीपीएसवर चार नेटवर्क नावं असतील तर नुसत्या बीकनमध्येच हवेतला दहा टक्के वेळ जातो!

२.४ गिगाहर्ट्‌झवर किमान दर ६ ठेवा. ५ गिगाहर्ट्‌झवर तो मुळातच ६ असतो. थेट १२ वर उडी नको, कारण टोकाची उपकरणं तुटू शकतात. एखाद्या जुन्या प्रिंटरला नेटवर्क दिसेनासंच झालं, तर तो बहुधा फक्त जुनेच दर जाणतो. त्याला केबल लावा.